नासक्या अंड्याचा वास आणि इंजिन लाइट : कॅट बदलण्याआधी हे तपासा

लक्षणं साधारण अशी असतात. गाडी ट्रॅफिकमध्ये रांगत असताना किंवा सिग्नलला उभी असताना मागून नासक्या अंड्यासारखा वास येतो. काच खाली असेल तर जास्त, हायवेला लागलं की कमी. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो. अॅव्हरेज थोडं पडलेलं असतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी, कोरडी काजळी जमते. काहींच्या बाबतीत पेट्रोल भरल्यावर पहिली स्टार्ट जड जाते. हे लक्षण लोक सांगायलाच विसरतात, आणि नेमकं तेच सगळ्यात कामाचं असतं.

अशी गाडी गॅरेजला नेली की स्कॅनरवर बहुतेक वेळा `P0420` दिसतो. त्याचा अर्थ, सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजेच कॅट, अपेक्षेइतकं काम करत नाही. मग ‘कॅट गेला, बदला’ असा निकाल लागतो आणि हजारोंचं एस्टिमेट हातात पडतं. भांडुपच्या आमच्या छोट्या गॅरेजात अशी एस्टिमेटं घेऊन माणसं नेहमी येतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचा कॅट तेव्हा मेलेला नसतो, त्याला नको तितकं पेट्रोल पाजलं जात असतं. ते थांबवल्याशिवाय नवा कॅट बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

वास येतो कशाने

पेट्रोलमध्ये गंधक असतंच, फक्त फार थोडं. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 पेट्रोल आलं, त्यात कमाल मर्यादा 10 पीपीएम आहे. बीएस-4 ला ती 50 होती. हे गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, त्याला अंड्याचा वास नसतो. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमबरोबर सिरियम ऑक्साइडचा लेप असतो. तो सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखा चालतो : धुरात ऑक्सिजन जास्त असेल तेव्हा साठवतो, कमी पडला की सोडतो. त्याच लेपावर गंधकही चिकटून राहतं. मिश्रण बराच वेळ रिच राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, की साठलेला ऑक्सिजन संपतो आणि चिकटलेलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. तोच अंड्याचा वास.

आजच्या पेट्रोलमध्ये गंधक इतकं कमी असतं, की घाटात जोरात दाबल्यावर क्षणभर आलेल्या वासाकडे मी लक्ष देत नाही. वास रोज येत असेल आणि सोबत दिवा असेल, तर मिश्रण सतत रिच आहे असं धरून चालतो.

आधी खात्री : वास सायलेन्सरचाच आहे ना?

पैसे न लागणारी ही पहिली तपासणी. मुंबईत ती टाळू नका, कारण इथे निम्म्या ओळखीच्यांच्या गाड्या सीएनजीवर आहेत. सीएनजीला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं वासद्रव्य मिसळतात आणि त्याचा वास अंड्याच्या जवळ जातो. इंजिन बंद असताना, विशेषतः डिकी उघडल्यावर वास येत असेल, तर कॅटचं पुढचं काहीही तुमच्यासाठी नाही. किल्ली फिरवू नका, आतला दिवा किंवा पंखा लावू नका, दारं उघडी ठेवा, हात पोचत असेल तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जाऊन अधिकृत सीएनजी फिटरला बोलवा. साबणाच्या पाण्याने गळती शोधणं हे त्याचं काम आहे, तुमचं नाही.

दुसरा संशयित बॅटरी. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला की बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि तिच्यातून असाच वास येतो. हा वास बॉनेटकडून येतो, मागून नाही. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट ठीक. 15 च्या वर असेल किंवा बॅटरीचं अंग फुगलेलं असेल, तर गाडी बंद करा, चेहरा लांब ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तिसरं सांगताना हसू येतं, पण सांगतो. रोज माहीमच्या खाडीवरून जाणाऱ्यांनी वास तिथे घेऊन निर्णय करू नये. गाडी मोकळ्या जागी उभी करून सायलेन्सरच्या मागे दोन-तीन मीटरवर उभं राहा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये मात्र हे करू नका. रिच चालणारी गाडी कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडते, आणि त्याला वास नसतो.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतो?

स्थिर असेल तर बेताने चालवत घरी जाता येतं. लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर बाजूला घेऊन बंद करा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल, तर तिथलं पेट्रोल न जळता कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. दहा मिनिटांची घाई इथे खरंच कॅट संपवते. प्लग आणि कॉइल आधी दुरुस्त करायचे, बाकीचं नंतर.

पीयूसीची स्लिप

शे-सव्वाशे रुपयांत होणारी आणि कोणी न वापरणारी तपासणी. बीएस-4 आणि नंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर CO ची मर्यादा 0.3 टक्के आहे. नळी सायलेन्सरमध्ये नीट खोल घालायला सांगा आणि आकडा थांबेपर्यंत उभे राहा. काही ठिकाणी नळी नुसती दाखवून स्लिप मिळते, ती आपल्याला काही उपयोगाची नाही. इंजिन गरम असूनही CO वर असेल, तर मिश्रण रिच असल्याचा संशय बळावतो. CO जळायला ऑक्सिजन लागतो, आणि रिच धुरात तोच नसतो. तुमच्याकडे मागच्या वर्षीची स्लिप असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एअर फिल्टरही याच वेळी काढून बघा. काढायला फुकट आहे म्हणून बघा. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की मिश्रण रिच व्हायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आत आलेली हवा ओळखून तेवढंच पेट्रोल देतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने पिकअप जातो, पण नुसत्या फिल्टरमुळे दिवा लागलेला मी क्वचितच पाहिला आहे. E20 पेट्रोललाही हल्ली सगळ्याचा दोष देतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणजे त्याने मिश्रण लीनकडे झुकतं, रिचकडे नाही. त्याची जी काही गाऱ्हाणी असतील ती असोत, हा वास त्याच्या खात्यात टाकता येत नाही.

स्कॅनर : कोड पुसू नका, आकडे वाचा

ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अॅप घरच्या कामाला पुरतं. आपल्याकडच्या बीएस-4 च्या मधल्या काळापासूनच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ते पोर्ट असतं. कोड वाचल्यावर लगेच ‘क्लिअर’ दाबायचा मोह आवरा. कोड पडला त्या क्षणीचे आकडे गाडीने जपून ठेवलेले असतात, ते पुसले जातात.

`P0420` बरोबर `P0172` असेल, म्हणजे मिश्रण फार रिच असल्याचा कोड, तर क्रम ठरला : आधी `P0172`. कॅट परिणाम भोगतोय, कारण वरच्या बाजूला आहे. `P0420` एकटाच असेल तरी पुढचे आकडे बघाच, कारण `P0172` पडायला मिश्रण बरंच बिघडावं लागतं.

पहिला आकडा कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी ते बाहेरच्या हवेइतकंच, दोन-चार अंशांच्या फरकाने असायला हवं. सकाळी उकाड्यात हवा 28 अंश आणि सेन्सर 5 सांगत असेल, तर ईसीयूला वाटतं इंजिन गारठलंय आणि तो जादा पेट्रोल देतो. गरम झाल्यावर बहुतेक गाड्यांत ते 85 ते 95 च्या आसपास स्थिरावतं. हायवेला ते 60-65 वर घसरत असेल, तर कूलंटची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा ‘मुंबईत काय गरज’ म्हणून कोणीतरी तो काढून टाकलाय. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तापते म्हणून थर्मोस्टॅट काढायचा आणि मग गाडी पेट्रोल पिते म्हणून कुरकुरायचं.

दुसरा आकडा फ्युएल ट्रिम, आणि अर्धं निदान इथेच होतं. सायलेन्सरमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर सांगतो तसं ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करत असतो. `STFT` ही आत्ताची दुरुस्ती, `LTFT` ही मुरलेली सवय. अधिक चिन्ह म्हणजे पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कापतोय. दोन्हींची बेरीज शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाच-सात टक्के असेल तर चिंता नको. उणे पंधरा-वीसच्या पुढे गेली, की कुठून तरी आगंतुक पेट्रोल येतंय.

ही बेरीज दोनदा बघायची, आयडलला आणि न्यूट्रलमध्ये 2500 आरपीएम धरून. दोन्हीकडे सारखीच उणे असेल तर पेट्रोलचा दाब जास्त आहे किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय. आयडलला फार उणे आणि 2500 ला जवळजवळ ठीक असेल, तर ठरावीक वेगाने झिरपणारं काहीतरी आहे. आयडलला इंजिन हवा थोडी घेतं, म्हणून तेवढंच झिरपणारं पेट्रोल तिथे मोठं दिसतं. 2500 ला ते हवेत हरवून जातं. असं झिरपणं प्रामुख्याने दोन जागी होतं, गळका इंजेक्टर नाहीतर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह.

एक गाडी, सविस्तर

मुलुंडच्या एका काकांची 2018 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक. सीएनजी नाही. दुसरीकडे कॅट बदलायला सांगितलेलं. वास दिवसाआड येई, आणि काकांच्या मते ‘सोमवारी हमखास’. आयडलचे आकडे असे होते :

```
P0172  P0420
ECT    88 °C
RPM    780
STFT   -9.4 %
LTFT   -17.2 %
```

म्हणजे ईसीयू चौथ्या हिश्शाहून जास्त पेट्रोल कापत होता, तरी मिश्रण रिचच. 2500 ला हेच आकडे -1.6 आणि -4.7. कूलंटचं तापमान ठीक, प्लग काळे पण कोरडे.

मी विचारलं, “काका, पेट्रोल कधी भरता?”

“रविवारी संध्याकाळी. टाकी फुल करतो.”

“ऑटो कट झाल्यावर थांबता?”

“नाही रे, तो पोरगा राउंड फिगर करतो ना. कधी पन्नास-साठचं जातं अजून.”

सोमवारचं कोडं तिथेच सुटलं. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि गाडी चालताना पर्ज व्हॉल्व्हमधून थोडी-थोडी इंजिनात ओढून जाळतात. नोझल आपोआप बंद होतं तेव्हा टाकीत वाफेसाठी ठेवलेली जागाच उरलेली असते. त्या जागेत आणखी कोंबलं की द्रव पेट्रोल कॅनिस्टरपर्यंत पोचू शकतं. भिजलेला कोळसा कमकुवत होतो, त्याचे कण सुटतात, आणि ते व्हॉल्व्हच्या बसण्याच्या जागी अडकले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग आयडललाही इंजिन दाट वाफ ओढत राहतं. टाकी नुकतीच भरलेली असताना सगळ्यात जास्त.

तपासणी सोपी आहे, घरी जमते. इंजिन थंड असताना इंजिनाच्या वरच्या भागात इनटेक मॅनिफोल्डजवळचा पर्ज व्हॉल्व्ह शोधा : छोटा, दोन नळ्यांचा, दोन वायरींचं सॉकेट असलेला. कॅनिस्टरकडून येणारी नळी त्यावरून काढा. इथे पेट्रोलची वाफ सुटते, तेव्हा आसपास सिगारेट, उदबत्ती काही नको. कडक प्लॅस्टिकची नळी पकडीने चेपू नका, तडकते. किल्ली बंद असताना व्हॉल्व्हचं सॉकेटही काढा, मग इंजिन चालू करून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर अंगठा ठेवा. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा, म्हणजे अंगठ्याला ओढ लागता कामा नये. काकांच्या गाडीत अंगठा चिकटून बसला.

त्याच वेळी स्कॅनर बघायचा. तोंड अंगठ्याने बंद ठेवून इंजिन गरम होऊ दिलं तेव्हा `STFT` उणे नऊवरून +10.9 वर गेला. `LTFT` जागचा हलला नाही. तो सवयीचा, सावकाश बदलतो. बेरीज मात्र -26.6 वरून -6.3 वर आली. इथे आकडा हलला नसता, तर पर्ज निर्दोष ठरून संशय इंजेक्टरवर गेला असता.

व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या फडक्यावर आपटला. मोहरीपेक्षा बारीक, चमकदार काळे कण पडले. हे दिसलं की एकटा व्हॉल्व्ह बदलून भागत नाही, कारण कॅनिस्टर पुन्हा कण पाठवणार आणि नवा व्हॉल्व्हही अडकणार. दोन्ही बदलले, मधली नळी दोन्ही टोकं मोकळी करून हवा मारून साफ केली. कण नसते आणि व्हॉल्व्ह नुसता ढिला असता, तर हजार-दोन हजारांत काम झालं असतं.

त्यानंतर कोड पुसले आणि काकांना अटल सेतूवरून एकसारख्या वेगाने एक फेरी मारून यायला सांगितलं. हे फिरणं शोभेचं नाही. गंधकाने मंदावलेला कॅट चांगला तापला आणि मिश्रण नीट असलं, तर चिकटलेलं गंधक जळून जातं आणि बरीचशी ताकद परत येते. ट्रॅफिकमध्ये रांगून ते होत नाही. त्या फेरीत आणखी थोडा वास येऊ शकतो, घाबरू नका. वास गेला, `LTFT` पुढच्या काही दिवसांत उणे तीनच्या आसपास आला, आणि `P0420` परतला नाही. ऑटो कट झाला की काका आता नोझल काढायला लावतात.

सीएनजी-पेट्रोल दोन्ही असेल तर

आधी दोन्हींवर वेगवेगळं चालवून बघा. वास फक्त पेट्रोलवर येत असेल तर वरचंच सगळं लागू. फक्त सीएनजीवर असेल तर किटचं ट्यूनिंग किंवा त्याचे इंजेक्टर, आणि ते किटवाल्याच्या सॉफ्टवेअरशिवाय हात लावण्यासारखं नाही. दोन्हींवर असेल तर सेन्सर आणि कूलंटकडे वळा.

इथे थांबा, जाणकाराला द्या

पर्ज व्हॉल्व्हला ओढ लागत नाही आणि तरी आयडलला ट्रिम खोल उणे आहे, तर पुढची पायरी इंजेक्टर काढून गळती बघण्याची. फ्युएल रेलमध्ये इंजिन बंद केल्यावरही दाब राहतो. नट ढिला केला की पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं आणि शेजारी गरम मॅनिफोल्ड असतो. गॅरेजलाच न्या. इंजिनाच्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसत असेल, तर चालवतही नेऊ नका, टो करा; पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं.

गाडीखाली शिरून कॅट तपासणंही घरचं काम नाही. चालू गाडीत तो शेकडो अंश तापलेला असतो, आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली कोणी जाऊ नये. कॅट अंधारात लालसर दिसत असेल, तर गाडी तत्काळ बंद. खाली सुकं गवत किंवा कचरा असेल तर ढकलून बाजूला घ्या.

मिश्रण सुधारल्यावर, लांब फेरीनंतरही `P0420` परत आला, तर मात्र कॅटवर बोलायची वेळ झाली. तेव्हा गॅरेजला सांगा, आधी सायलेन्सरची गळती बघा, मग मागचा ऑक्सिजन सेन्सर. चांगल्या कॅटमागे त्याचा व्होल्टेज 0.6-0.7 च्या आसपास जवळपास स्थिर राहतो. तो पुढच्या सेन्सरसारखा 0.1 ते 0.9 मध्ये भराभर वर-खाली नाचत असेल, तर कॅट ऑक्सिजन साठवत नाही. थंड कॅटवर रबरी हातोडीने हलकं मारल्यावर आत खडखडलं, तर जाळी फुटली आहे. पावसाळ्यात पाण्यातून काढलेल्या गाडीत सेन्सरचं सॉकेट हिरवं पडलंय का, तेही बघून घ्यायला सांगा.

कॅट कापून त्याजागी सरळ पाइप घालून देतो म्हणणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे, दिवा तर जाणारच नाही, आणि मिश्रण रिच असेल तर पीयूसीला गाडी सपशेल उघडी पडेल. नवा कॅट घेताना तुमच्या मॉडेलचाच घ्या. स्वस्तातल्यांत मौल्यवान धातू कमी असतात आणि `P0420` पुन्हा उगवतो. नवीन कॅट पहिल्या काही दिवसांत थोडा वास देतो, विशेषतः लांबच्या फेरीनंतर थांबल्यावर. ट्रिम पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो वास आपोआप जातो, त्यासाठी गाडी पुन्हा उघडू नका.